‘हे असंच असतं का?’ : एक कुंडी, एक फोटो आणि उत्तराची मर्यादा

कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपाचा एक फोटो आहे. रोप हातभर उंच, शेंड्याकडे हिरवंगार, दोनतीन पिवळी फुलं, आणि तळाची तीन पानं पिवळी पडलेली. संध्याकाळी घरातल्या दिव्याच्या उजेडात काढलेला. फोटोखाली चारच शब्द: ‘हे असंच असतं का?’ ही नोंद चित्र वाचू शकणाऱ्या एआय मॉडेलकडे पाठवली आहे, असं समजू. रोप किती दिवसांचं, पाणी किती, खत कधी घातलं, यातलं काहीच सांगितलेलं नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण ते अगदी साधं दिसतं. पिवळं पान कोणीही ओळखतो. पण पान पिवळं का पडलं, हे बागकामातल्या जुन्या माणसालाही नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. तो आधी कुंडीत बोट घालतो. मॉडेलला बोट नाही. त्यामुळे त्याचं उत्तर चांगलं की वाईट, हे ओळखायची जागा एकच: बघितलेलं काय आणि अंदाज केलेलं काय, यांतली रेघ त्याने कुठे ओढली?

आधी मॉडेलला नेमकं काय दिसतं ते पाहू. 2020 साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या एका पद्धतीत चित्र 224 गुणिले 224 पिक्सेलचं करून त्याचे 16 गुणिले 16 चे तुकडे पाडले जात, म्हणजे एकूण 196 तुकडे. मग जसे वाक्यातले शब्द, तसे हे तुकडे एकमेकांच्या संदर्भात वाचले जात. आजची मॉडेलं याहून मोठी चित्रं घेतात, पण फोनचा फोटो बहुतेक वेळा लहान करूनच आत जातो. त्याचा परिणाम साध्या गुणाकार-भागाकाराने कळतो. समजा, 4000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत अर्धा मीटर रुंदीचं दृश्य मावलं आहे. म्हणजे एक पिक्सेल साधारण 0.12 मिलिमीटरचा. पानांतला रस शोषणारी कोळी जातीची कीड जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते, म्हणजे मूळ फोटोत ती चार पिक्सेलची. तोच फोटो 1000 पिक्सेलवर आणला की कीड उरते एका पिक्सेलपुरती. शिवाय ती राहते पानाच्या खालच्या बाजूला, जी फोटोत आलेलीच नाही. तेव्हा ‘कीड दिसत नाही’ हे वाक्य खरं, पण ‘कीड नाही’ हे वाक्य खोटं ठरू शकतं. दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे आणि सगळी गोम तिथेच आहे.

रंगाचीही तीच गत. पिवळसर दिव्याखाली हिरवं पानही पिवळट दिसतं, आणि फोनचा कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने रंग दुरुस्त करतो. आपल्या फोटोत मात्र एक सोय आहे: त्याच उजेडात शेंडा हिरवा दिसतो आहे. म्हणजे तळाची पानं शेंड्यापेक्षा पिवळी आहेत एवढं नक्की, किती पिवळी ते नक्की नाही.

मग मॉडेलं इतक्या खात्रीने रोगाचं नाव कशी घेतात? याचं उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगात आहे. 2016 साली पानांच्या 54,306 फोटोंच्या ‘प्लांटव्हिलेज’ संग्रहावर एक मॉडेल शिकवलं गेलं. 14 पिकं, 26 रोग. शिकवताना न दाखवता बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याने 99.35 टक्के अचूक उत्तरं दिली. मग वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले, तेव्हा अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास घसरली. हे त्या संशोधकांनीच आपल्या लेखात नमूद केलं आहे. पुढे 2022 मध्ये आणखी गंमत निघाली. त्याच संग्रहातल्या प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल देऊन एक मॉडेल शिकवलं, पान अजिबात न दाखवता. पीक आणि त्याचा रोग किंवा निरोगीपण अशा जोड्यांच्या 38 गटांमधून त्याने 49 टक्के वेळा बरोबर गट ओळखला. नुसत्या नशिबाने ते तीनेक टक्क्यांच्या आतच जमलं असतं. म्हणजे फोटो कोणत्या टेबलावर, कोणत्या उजेडात काढला, याचा वास रोगाच्या नावाला लागलेला होता. मॉडेल पान वाचतंय असं आपल्याला वाटत होतं, आणि ते निदान काही अंशी टेबल वाचत होतं.

आजची मोठी मॉडेलं त्या प्रयोगातल्यांपेक्षा पुष्कळ पुढे आहेत, पण घरातल्या कुंडीचा फोटो हा अजूनही ‘वेगळ्या परिस्थितीतला’ फोटोच आहे. त्यात आणखी एक कल भर घालतो. निरोगी पानाचा फोटो काढून कोणी कारण विचारत बसत नाही. पानाचा फोटो आणि त्याखाली प्रश्न अशी जोडी लिखित जगात सापडते ती बहुतेक वेळा रोगाच्या संदर्भात. त्यामुळे ‘हे असंच असतं का?’ याचं ‘हो, काही वेळा असतं’ हे उत्तर मॉडेलच्या सहज ओठांवर येत नाही.

आता आपल्या कुंडीकडे परत येऊ. फोटोतून खरोखर किती निघतं?

रोप टोमॅटोचं आहे हे पानांच्या कापलेल्या कडा आणि पिवळी फुलं मिळून बऱ्याच खात्रीने सांगता येतं. वाण कोणता, ते येत नाही, आणि एका उत्तरात या दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगणं चूक आहे. पिवळेपणा तळाला आहे, हा मोठा धागा. वनस्पतीत नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून नव्या पानांकडे हलवता येतात. तुटवडा पडला की रोप म्हातारं पान रिकामं करून शेंड्याला जगवतं. लोह तसं हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव आधी कोवळ्या पानांत दिसते. इथे शेंडा हिरवा आहे, म्हणून लोह बाजूला ठेवता येतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. फोटोत पान सरसकट पिवळं दिसतं, म्हणून ती शक्यताही मागे सरते. करपा रोगाचे ठिपके एकात एक वर्तुळांचे असतात, तसे इथे दिसत नाहीत. सुरुवातीचे असतील तर या फोटोत दिसणारही नाहीत, म्हणून करपा यादीत खाली जातो, खोडला जात नाही.

उरतात तीन कारणं: नत्राची कमतरता, मुळांशी साचलेलं पाणी, आणि सावलीत गेलेल्या जुन्या पानांचं साधं म्हातारपण. या तिघांची चित्रं इतकी सारखी असतात की फोटो कितीही वेळ न्याहाळला तरी निकाल लागत नाही. मॉडेलने इथेच थांबून तसं म्हणायला हवं. तिघांतलं एक उचलून खताचं प्रमाण सांगितलं, तर ते उत्तर नेमकं वाटतं आणि निराधार असतं.

पण थांबणं म्हणजे हात वर करणं नव्हे. ‘नक्की सांगता येणार नाही, तज्ज्ञाला विचारा’ हे उत्तर मला खोट्या खात्रीइतकंच निरुपयोगी वाटतं, कारण फोटोत जे होतं तेही त्यात वाया जातं. वरच्या परिच्छेदात लोह गेलं, मॅग्नेशियम मागे पडलं, करपा खाली सरला. एवढं काम फोटोने केलं आहे आणि ते सांगायला हवं. त्यानंतर दहा प्रश्नांची प्रश्नावली नको. उरलेल्या तिघांना सर्वांत जास्त वेगळं करणारा एकच प्रश्न हवा: दोन इंच खोल बोट घातलं तर माती ओली लागते की कोरडी? सोबत कुंडीच्या बुडाला भोक आहे का, एवढं विचारलं की पुरे. बोट घालून पाहण्याने तिन्हींपैकी कोणत्याही कारणात रोपाचं नुकसान होत नाही. उलट कारण न कळता खत घातलं किंवा फवारणी केली, तर होऊ शकतं.

समजा, उत्तर आलं: माती चिकचिकीत ओली, पाणी रोज, भोक आहे पण कुंडी भरलेल्या ताटलीत ठेवलेली. आता पाणी साचल्याची शक्यता बरीच वर जाते. हवेत प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, ती इथे कधी येतच नाही. आणि गुदमरलेली मुळं नत्रही नीट उचलत नाहीत. म्हणजे मातीत खत असूनही पान नत्रासाठी उपाशी दिसू शकतं. ‘पाणी की नत्र’ हा प्रश्न आपण मांडला तितका सरळ नव्हता, आणि पिवळं दिसलं म्हणून खत घातलं असतं तर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

सल्ला आता नेमका देता येतो: ताटलीतलं पाणी ओतून टाका, वरची दोन इंच माती कोरडी लागेपर्यंत पाणी बंद, आठदहा दिवसांनी बघा. बघायचं ते पिवळ्या पानांकडे नाही, ती बहुधा पुन्हा हिरवी होत नाहीत. त्यांच्या वरच्या पानांकडे बघायचं. माती वाळूनही पिवळेपणा वर चढत राहिला, तर आपला अंदाज चुकला, आणि मग नत्राकडे वळायचं. अंदाज चुकला हे कशावरून कळेल, ते आधीच सांगून ठेवलं की पुढच्या फोटोला अर्थ येतो.

एक सापळा मात्र उरतो. हाच प्रश्न ‘पाणी जास्त झालं ना?’ असा विचारला असता, तर बरीच मॉडेलं मान डोलावतात. विचारणाऱ्याच्या तोंडातलं कारण उत्तरात येतं आणि पुरावा म्हणून तोच फोटो दाखवला जातो. तपासायचं असेल तर तोच फोटो पुन्हा पाठवून ‘खत कमी पडलं ना?’ असं विचारावं. दोन्ही वेळा होकार आला, तर उत्तर पानावरून आलेलं नाही.

आणि प्रश्न जर ‘हे खाता येईल का?’ असा निघाला, तर वरचा सगळा हिशेब बदलतो. पिवळ्या पानाबाबत चुकलं तर एक रोप जातं. आपोआप उगवलेलं अनोळखी झाड खाण्याबाबत चुकलं तर माणूस जाऊ शकतो. गाजराच्या कुळातल्या विषारी हेमलॉकची पानं गाजराच्या पानांसारखीच बारीक कातरलेली असतात. तिथे शक्यतांची यादी उपयोगाची नाही. झाड हातात घेऊन ओळखणाऱ्या माणसाने सांगेपर्यंत खाऊ नका, हे एकच उत्तर.

आपल्या कुंडीचं काय? दहा दिवसांनी दुसरा फोटो आला, असं धरू. या वेळी दिवसाच्या उजेडात, एक पान उलटं धरून. तळाची दोन पानं गळलेली, वरची हिरवी, नवा शेंडा फुटलेला. पाणी हेच कारण होतं असं म्हणण्याचा मोह होतो. पण ती दोन पानं नुसतीच म्हातारी असती, तरीही फोटो असाच आला असता.