डिस्क्लोजर दिलं म्हणजे पेटंट झालं नाही: प्रोफाइलवर दोन्ही कसं लिहावं

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांतले इंजिनिअर नोकरी बदलायला निघाले की त्यांचे लिंक्डइन प्रोफाइल माझ्याकडे तांत्रिक मतासाठी येतात. कंपनीतल्या नव्या कल्पना तपासणाऱ्या समितीवरही मी बसते, त्यामुळे एक गोष्ट फार खटकते. ‘पेटंट्स: ३’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि उघडून पाहिलं की एक मंजूर पेटंट, एक प्रलंबित अर्ज आणि एक अंतर्गत फॉर्म निघतो. माणूस हुशार असतो, काम अस्सल असतं, पण मांडणीमुळे त्याच्याबद्दल शंका येते.

पेटंट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. सरकार ठरावीक मुदतीसाठी, भारतात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, त्या शोधावर हक्क देतं. नोकरीत केलेल्या कामात तो हक्क बहुधा कंपनीचा असतो आणि तुमचं नाव ‘शोधक’ म्हणून लागतं. तरीही ‘माझं पेटंट’ म्हणायला काही हरकत नाही, सगळे तसंच म्हणतात.

गडबड इन्व्हेन्शन डिस्क्लोजरपाशी होते. हा कंपनीच्या आतला कागद आहे. अडचण काय होती, आजवर लोक ती कशी सोडवत होते, तुम्ही वेगळं काय केलं, सोबत कोण होतं, हे फॉर्मवर लिहून तुम्ही तो समितीकडे देता. समिती आधीचं ज्ञान धुंडाळते, म्हणजे जुनी पेटंट्स, लेख, कॅटलॉग आणि मानकं पाहते. मग चारपैकी एक निर्णय होतो. पेटंटचा अर्ज करायचा, किंवा गुपित म्हणून आतच ठेवायचं, किंवा दुसऱ्या कुणी त्यावर हक्क सांगू नये म्हणून स्वतःच छापून टाकायचं, किंवा फाइल बंद करायची. पेटंट कार्यालयाला या कागदाचा पत्ताही नसतो. डिस्क्लोजरला मिळणारा क्रमांक कंपनीच्या रजिस्टरमधला असतो, बाहेरचा कुणीही तो पडताळू शकत नाही.

हाच क्रमांक लोक प्रोफाइलवर लिहितात आणि एचआरमधली व्यक्ती तो पेटंट क्रमांक समजते. तिची त्यात चूक नाही. तिने बी.कॉम. करून एमबीए केलेलं असतं, दिवसभरात ढीगभर प्रोफाइल वाचायचे असतात आणि ‘पेटंट’ शब्दाखाली आकडा दिसला की ती खूण करून पुढे पाठवते. पुढे माझ्यासारखी कुणीतरी ipindia.gov.in वर जाऊन तो क्रमांक टाकते. काहीच सापडत नाही. मग त्याच प्रोफाइलवरचा ‘खर्चात बचत’ वगैरे मजकूरही कुणी विश्वासाने वाचत नाही.

खऱ्या अर्जाचा क्रमांक ओळखणं सोपं आहे. २०१६पासून भारतात तो बारा आकडी असतो. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (मुंबईचा 2), सहावा अर्जाच्या प्रकाराचा आणि उरलेले सहा अनुक्रमांकाचे. ठाणे किंवा नवी मुंबईच्या कंपनीने मुंबई कार्यालयात २०२२ साली साधा अर्ज केला असेल, तर क्रमांक 202221 ने सुरू होईल. तुमच्याकडचा क्रमांक या साच्यातला नसेल, तर तो नक्की कसला आहे ते कंपनीत विचारा, मगच लिहा.

डिस्क्लोजर पेटंटांत धरू नये याचं याहून मोठं कारण गोपनीयता हे आहे. अर्ज दाखल होण्याआधी कल्पना जगजाहीर झाली, तर तिचं नावीन्य संपतं आणि पेटंट मिळण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडची सवलत अगदी अरुंद आहे, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशांपुरती. युरोप त्याहून कडक आहे. लिंक्डइनवरचं सर्वांना दिसणारं एक वाक्य यातल्या आपल्याकडच्या किंवा युरोपातल्या सवलतीत बसत नाही.

ऐरोलीत राहणाऱ्या, रबाळे एमआयडीसीत काम करणाऱ्या एका डिझाइन इंजिनिअरचं उदाहरण घेऊ. ती केमिकल प्लांटमधले बॅग फिल्टर बनवते. दाबाखालच्या भांड्यात कापडी पिशवी असते, तीतून द्रव गाळलं जातं आणि पिशवी भरली की झाकण उघडून ती बदलतात. तिच्या प्रोफाइलवर तीन नोंदी होत्या, तिन्ही ‘Patents’ या विभागात.

पहिलीचं शीर्षक ‘क्लोजर असेम्ब्ली फॉर अ प्रेशर व्हेसल’ होतं. हे पेटंट २०२१ साली मंजूर झालं आहे. पेटंटची शीर्षकं मुद्दाम अशी मोघम ठेवतात, हक्काचा आवाका शीर्षकातूनच आवळला जाऊ नये म्हणून. वकिलासाठी ते ठीक, पण भरती करणाऱ्याला त्यातून शून्य कळतं. अधिकृत शीर्षक बदलू नका, कारण शोधताना तेच लागतं. त्याच्याखालच्या वर्णनात मात्र माणसांच्या भाषेत लिहा. आम्ही बसून लिहिलं ते साधारण असं, प्रोफाइलवर अर्थात इंग्रजीत:

‘फिल्टरच्या भांड्यात दाब शिल्लक असताना कामगाराने झाकण उघडलं, तर गरम रसायन अंगावर उडतं. आत दाब असेपर्यंत हँडल फिरूच न देणारं, विजेशिवाय चालणारं कुलूप. दोन शोधकांपैकी एक. कुलपाची रचना आणि चाचणी माझी. भारतात मंजूर, २०२१. कंपनीच्या दोन उत्पादनांत वापरात.’

या मजकुराचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कुणाला काय त्रास होता, मग काय बदललं, मग त्यात तुमचा वाटा, मग कायदेशीर स्थिती आणि शेवटी वापर. बहुतेक लोक स्थितीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. एचआरला ‘विजेशिवाय चालणारं कुलूप’ लगेच कळतं आणि तांत्रिक माणसाला विचारायला प्रश्न मिळतो. आपला वाटा सांगायला लाजू नका आणि फुगवूही नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

दुसरी नोंद प्रलंबित अर्जाची. पिशवी बाहेर काढताना उरलेलं द्रव ठिबकू नये, अशी रचना. अर्ज प्रसिद्ध झालेला आहे, म्हणजे तपशील कुणालाही वाचता येतो आणि तो लिहायला अडचण नाही. विभागही तोच बरोबर, फक्त स्थिती ‘Patent pending’ निवडायची आणि अर्ज क्रमांक द्यायचा. प्रसिद्ध होणं म्हणजे मंजुरी समजू नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो आणि फी भरून तो लवकरही प्रसिद्ध करवून घेता येतो, त्यासाठी कुणी गुणवत्ता तपासलेली नसते. ‘पेटंट पब्लिश्ड’ असं अभिमानाने मिरवणारे प्रोफाइल वाढत चाललेत, ते मला मुळीच आवडत नाही. अमेरिकेच्या क्रमांकात हा फरक शेवटच्या अक्षरातच दिसतो: A1 म्हणजे प्रसिद्ध झालेला अर्ज, B1 किंवा B2 म्हणजे मंजूर पेटंट. WO ने सुरू होणारा आंतरराष्ट्रीय क्रमांकही अर्जाचाच असतो, जागतिक पेटंट अशी वस्तू अस्तित्वात नाही.

आता तिसरी नोंद, जिच्यामुळे मी तिला त्याच संध्याकाळी फोन केला. ते डिस्क्लोजर समितीपुढे होतं, अर्ज झालेला नव्हता आणि वर्णनात फिल्टर तुंबणार हे आधी कसं ओळखायचं, तो ‘कसं’चा भाग एका वाक्यात लिहिलेला होता. तिला वाटलं होतं, अंतर्गत क्रमांक दिला म्हणजे सगळं रीतसर झालं. मी म्हटलं, “अगं, हे वाक्य आधी काढ आणि कंपनीच्या पेटंट विभागाला आजच सांग.” असं झालं असेल तर लपवू नये. वाक्य किती दिवस उघडं होतं हे पेटंट विभागाला कळलं, तर ते अर्जाची घाई आणि देशांची निवड त्याप्रमाणे ठरवू शकतात.

मग डिस्क्लोजर लिहायचंच नाही का? जरूर लिहा, पण ‘Patents’ विभागात नको. त्या विभागात स्थितीचे पर्याय मंजूर आणि प्रलंबित असे दोनच असतात आणि डिस्क्लोजर दोहोंत बसत नाही. ते नोकरीच्या अनुभवाखाली एका ओळीत यावं. तिच्यासाठी आम्ही लिहिलं: ‘फिल्टरच्या देखभालीवरची एक नवी कल्पना कंपनीच्या समितीकडे सादर, विचाराधीन, तपशील गोपनीय.’ प्रश्न कोणत्या क्षेत्रातला एवढं सांगायचं, उत्तर सांगायचं नाही. अर्ज दाखल झाला पण अजून प्रसिद्ध झाला नाही, अशा मधल्या काळातही हाच नियम पाळा आणि एवढी ओळ टाकण्याआधीही कंपनीला विचारा. काही कंपन्यांना क्षेत्राचं नावही बाहेर गेलेलं चालत नाही, कारण प्रतिस्पर्धी शेजारच्याच प्लॉटवर असतो.

समितीने बंद केलेल्या डिस्क्लोजरबद्दलही नेहमी विचारतात. बंद होण्याचं कारण कल्पना जुनी निघाली हे असेल, तर ती वगळा. पण कधी कल्पना चांगली असूनही अर्ज होत नाही. उदाहरणार्थ, एखादी प्रक्रिया कारखान्याच्या भिंतींआड चालते, दुसऱ्याने ती चोरली तरी बाहेरून कळणार नाही, मग कंपनी ती छापून जगाला सांगण्यापेक्षा गुपित ठेवते. अशा वेळी ती कल्पना प्रत्यक्ष वापरात आली असेल, तर तिचा परिणाम अनुभवाखाली लिहा, म्हणजे वाया जाणारा माल कमी झाला किंवा मशीन थांबण्याचा वेळ घटला. आकडा कंपनीने बाहेर सांगू दिला तरच द्या. ‘डिस्क्लोजर’ हा शब्द तिथे हवाच असं नाही.

मोजणीबद्दल माझं मत ठाम आहे. एकच शोध भारत, अमेरिका आणि युरोपात मंजूर झाला, तर तो एक शोध, तीन ठिकाणी. त्याला तीन पेटंट म्हणणं कायद्याने चुकीचं ठरणार नाही, पण वाचणाऱ्याला तीन कल्पना वाटतात आणि ते मला अप्रामाणिक वाटतं. डिझाइन नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, वस्तूच्या दिसण्याला मिळते. ती वेगळी लिहा.

नोकरी सोडल्यावर अर्जाचं काय झालं, हे जुनी कंपनी बहुधा कळवत नाही. म्हणून क्रमांक जपून ठेवा आणि वर्षातून एकदा ipindia.gov.in वर स्थिती पाहा. परीक्षणाची विनंती मुदतीत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. १५ मार्च २०२४पासूनच्या अर्जांना ही मुदत ३१ महिने आहे, त्याआधीच्यांना ४८. अशा मेलेल्या अर्जापुढे ‘प्रलंबित’ लिहिलेलं राहिलं, तर ते खोटं ठरतं, ती नोंद काढून टाका. मंजूर पेटंटची वार्षिक फी कंपनीने नंतर भरली नाही आणि ते रद्द झालं, तर मात्र काढू नका. ‘२०२१ साली मंजूर’ हे तेव्हाही खरंच असतं. पुढे ‘आता अंमलात नाही’ एवढं जोडलं की पुरे.