नॉमिनीच्या हाती पडणारे पैसे आणि वारसाच्या हक्काचे पैसे: गोव्यातील एका मुदत ठेवीचा हिशेब

बँकेच्या मुदत ठेवीच्या पावतीवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असे छापलेले असते. माझ्या मावशीला ती पावती काकांच्या मृत्यूनंतर कपाटात सापडली. ठेव 6 लाखांची होती आणि नॉमिनी म्हणून नाव होते काकांच्या धाकट्या भावाचे. काकांनी लग्नाआधी, एकटे असताना, त्याचे नाव दिले होते. पुढे लग्न झाले, मुलगा झाला, ठेव दर मुदतीला आपोआप पुढे सरकत राहिली आणि नाव तेच राहिले. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मावशीला सांगितले, “बाई, तुमचे नाव नाही, तेव्हा यात तुमचे काही नाही.” या वाक्यातला पूर्वार्ध खरा होता आणि उत्तरार्ध पूर्णपणे चुकीचा. ही चूक सर्रास होते, आणि गोव्यात तिचे परिणाम शेजारच्या राज्यांपेक्षा वेगळे असतात, म्हणून ती सविस्तर उलगडून पाहणे मला आवश्यक वाटते.

नामनिर्देशन हे बँकेच्या सोयीसाठी आहे. बँकिंग नियमन अधिनियम, 1949 मधील कलम 45झेडए सांगते की खातेदाराच्या मृत्यूनंतर नॉमिनीला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते. कोण खरा वारस, मृत्युपत्र खरे की खोटे, याच्या चौकशीत बँकेने पडावे अशी अपेक्षाच नाही. त्या कलमाचे शब्द वाचताना मात्र फसगत होऊ शकते, कारण मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असले तरी ठेव स्वीकारण्याचे सर्व अधिकार नॉमिनीला मिळतात, अशा अर्थाची भाषा तिथे आहे. याच भाषेच्या आधारे नॉमिनीच मालक आहे असा दावा राम चंदर तलवार यांच्या खटल्यात करण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो फेटाळला. नॉमिनी पैसे स्वीकारण्यापुरता खातेदाराच्या जागी उभा राहतो, मालकी मात्र वारसा कायद्याप्रमाणेच ठरते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याच कलमात पुढे एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: ज्याला पैसे दिले गेले, त्याच्याविरुद्ध इतरांचा असलेला हक्क या पैसे देण्यामुळे बाधित होत नाही.

मृत्युपत्राचे काम वेगळे आहे. आपली मालमत्ता आपल्यामागे कोणाची व्हावी, हे मृत्युपत्र सांगते. बँकेला ते बांधून ठेवत नाही. ज्यांच्यात वाटप व्हायचे, त्या माणसांना बांधून ठेवते. इथवरचे सारे देशभर सारखे आहे. गोव्यात मात्र एक पायरी आणखी आहे: आपले म्हणून जे आपण मृत्युपत्रात लिहून देतो, ते मुळात आपले किती, हाच पहिला प्रश्न असतो.

इथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आणि आता ‘गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, 2012’ या कायद्यात बांधलेली व्यवस्था चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. खाते एकट्या पतीच्या नावावर असले तरी त्यातील निम्मे पैसे पत्नीचेच असतात, आणि ते तिला वारसाने मिळत नाहीत, तर ते पतीच्या हयातीतही तिचेच असतात. उरलेला निम्मा भाग हीच मृताची खरी संपदा. त्यातलाही निम्मा मुलांसाठी सक्तीने राखून ठेवलेला असतो, ज्याला इथले वकील लेजिटिम म्हणतात. मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देता येतो तो फक्त उरलेला मोकळा वाटा.

एक उदाहरण घेऊ. फोंड्यातील एका निवृत्त शिक्षकांची 40 लाखांची मुदत ठेव आहे, अन्य मालमत्ता किंवा कर्ज काही नाही, असे सोयीसाठी धरू. घरी पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. विवाहाची नोंद गोव्याच्या नागरी नोंदणीत झालेली आहे आणि विवाहपूर्व करार नाही. ठेवीवर नॉमिनी म्हणून मुलाचे नाव आहे, कारण बँकेची कामे तोच पाहत होता. आजारपणात मुलीने सेवा केली, म्हणून शिक्षकांनी मृत्युपत्रात “माझी सर्व ठेव मुलीला” असे लिहिले.

मृत्यूनंतर मुलगा मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र घेऊन बँकेत जातो, दाव्याचा अर्ज भरतो आणि 40 लाख त्याच्या खात्यात जमा होतात. बँकेच्या दृष्टीने प्रकरण संपले. पण हिशेब असा मांडावा लागतो: 40 लाखांतील 20 लाख आईचे, त्यांना ना नामनिर्देशन हात लावू शकते, ना मृत्युपत्र. उरलेल्या 20 लाखांपैकी 10 लाख लेजिटिम, म्हणून मुलाला 5 आणि मुलीला 5. बाकीचे 10 लाख मोकळे, ते मृत्युपत्राप्रमाणे मुलीला. “सर्व ठेव” हे शब्द मृत्युपत्रात असले तरी ते या 10 लाखांच्या पलीकडे पोहोचत नाहीत. शेवटी आईला 20 लाख, मुलीला 15 लाख आणि ज्याच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली त्या मुलाला 5 लाख. मृत्युपत्रच नसते, तर आईला 20 आणि दोन्ही मुलांना प्रत्येकी 10 लाख मिळाले असते. प्रत्यक्षात घर, बागायत, कर्जे हे सारे एकत्र धरून लेजिटिम काढावे लागते, त्यामुळे एकाच ठेवीवरून कोणी घाईने निष्कर्ष काढू नये.

वाद असेल तर आई किंवा मुलगी साधारणपणे पहिली धाव बँकेकडे घेते आणि “पैसे देऊ नका” असे पत्र देते. त्याचा उपयोग होत नाही. कलम 45झेडबी प्रमाणे ठेवीवरील अन्य व्यक्तीच्या दाव्याची नोटीस बँकेने दखलपात्र मानायची नसते. सक्षम न्यायालयाचा आदेश मात्र तिला मानावा लागतो. म्हणून पैसे अडवायचे असतील तर अर्ज न्यायालयातच करावा लागतो, आणि तोही मुलाने रक्कम उचलण्यापूर्वी. रक्कम उचलली गेली असली तरी हक्क जात नाही, फक्त वसुली अवघड होते.

वाटपाचे दोन मार्ग आहेत. सगळे एकमताचे असतील तर तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयातील विशेष नोटरीपुढे सक्सेशन डीड करता येते. वारस कोण हे तिथे नोंदवले जाते, वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकतीसाठी 30 दिवसांची मुदत असते. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी दाखल करावी लागते. तिथे हयात जोडीदार सहसा प्रशासक होतो आणि मृताच्या साऱ्या मालमत्तेची यादी देतो. खाते बंद झाले असले तरी मुलाने घेतलेले 40 लाख त्या यादीत आलेच पाहिजेत.

मृत्युपत्राबद्दल एक गोष्ट शेजारच्या सिंधुदुर्गात नातीगोती असलेल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. तिकडे साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन केलेले मृत्युपत्र चालते. गोव्यात ते विशेष नोटरीपुढे, ठरलेल्या रीतीने करायचे असते. तिकडची सवय इकडे आणून घरी लिहिलेला कागद नंतर निरुपयोगी ठरला, अशी प्रकरणे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण लिहिणाऱ्याची इच्छा त्यात अगदी स्पष्ट असते.

विम्याचे चित्र थोडे वेगळे आहे. 1984 मध्ये सरबती देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विम्याचा नॉमिनीही केवळ पैसे स्वीकारणारा मानला होता. नंतर 2015 च्या दुरुस्तीने विमा अधिनियमाच्या कलम 39 मध्ये बदल झाला. आता विमाधारकाने आई-वडील, जोडीदार किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर ते त्या रकमेचे लाभाचे हक्कदार मानले जातात. भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर जुनीच स्थिती राहते. जवळच्या नात्यातील असा नॉमिनी इतर वारसांना पूर्णपणे बाजूला सारतो का, यावर न्यायालये एकाच सुरात बोलत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हे कलम वारसा कायद्याला मागे टाकत नाही असे म्हटले. त्यामुळे गोव्यातील पत्नीच्या निम्म्या वाट्याचा दावा पॉलिसीच्या रकमेवर येतो तेव्हा नुसत्या नामनिर्देशनावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे. आणखी एक तपशील उपयोगी आहे: विम्यातील नामनिर्देशन मृत्युपत्राने बदलता येते, पण त्याची लेखी सूचना कंपनीला पोहोचलेली नसेल आणि कंपनीने प्रामाणिकपणे जुन्या नॉमिनीला पैसे दिले, तर तिला दोष देता येत नाही.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीवर चार नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. आई 40, मुलगा 30, मुलगी 30 असे लिहिले की हेच आपले मृत्युपत्र, असे अनेकांना वाटू लागले आहे. ते टक्के बँकेने कोणाला किती द्यावे यापुरते आहेत. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात दिला. ठेव असो वा फंड, टक्के मृत्युपत्राशी जुळत नसतील, तर घरात भांडणाला एक कागद वाढतो. म्हणून मृत्युपत्र करतानाच नॉमिनीची नावे त्याच्याशी ताडून पाहावीत, आणि लग्न, मुलाचा जन्म किंवा नॉमिनीचा मृत्यू झाला की बँकेत जाऊन बदलाचा फॉर्म भरावा. लग्न झाल्याने जुने नाव आपोआप पुसले जात नाही.

मावशीच्या बाबतीत काकांचा भाऊ सरळ माणूस निघाला. त्याने ठेव स्वतःच्या खात्यात घेतली, पण वाटपाला तो तयार होता. डिचोलीत सक्सेशन डीड झाले, सूचना छापून आली, 30 दिवस गेले. काकांनी ती ठेव लग्नाआधी ठेवली होती, म्हणून त्यावर मावशीचा हक्क नाही, असे एका नातेवाइकाने मध्येच सुचवून पाहिले. पण एकत्र मालमत्तेच्या पद्धतीत लग्नाआधीची मालमत्ताही येते, हे वकिलाने समजावल्यावर तो विषय संपला. मग त्या भावाने घरी येऊन दोन चेक लिहिले, 3 लाखांचा मावशीच्या नावे आणि 3 लाखांचा तिच्या मुलाच्या नावे.