आधी रक्त तपासलं, मग भांडण: विवाहपूर्व समुपदेशनाच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

साखरपुडा झालेलं जोडपं समुपदेशकासमोर बसतं तेव्हा आज त्यांना पगार, स्वयंपाक, सासू-सासरे आणि रुसवेफुगवे यांबद्दल विचारलं जातं. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न अगदी वेगळे होते. १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या नगरपालिकेने विवाह-सल्ला केंद्र काढलं आणि १९२६ मध्ये प्रशिया सरकारने तशीच केंद्रं सुरू करायला सांगितलं. तिथे पाहायचं ते एवढंच, की वधूवरांना गुप्तरोग, क्षय किंवा घराण्यातलं एखादं दुखणं तर नाही ना. जोडप्याचं पटेल का, हा प्रश्नच नव्हता. संतती ‘सुदृढ’ होईल का, हा होता. १९३५ मध्ये नाझी सरकारने लग्नासाठी आरोग्य-योग्यतेचा दाखला कायद्यानेच आणला, तेव्हा या विचाराचं टोक दिसलं.

अमेरिकेतही सुरुवात याच वाटेने झाली. पॉल पोपेनो यांनी १९३० मध्ये लॉस एंजेलिसला कौटुंबिक संबंधांची संस्था काढली. हे गृहस्थ ना डॉक्टर, ना मानसशास्त्रज्ञ. खजुराच्या लागवडीवर पुस्तक लिहिलेले आणि सुप्रजननशास्त्राचे कट्टर पुरस्कर्ते. अमेरिकेत विवाह-समुपदेशन घराघरांत पोहोचवणाऱ्यांत त्यांचं नाव वरचं आहे, हे थोडं अवघड वाटलं तरी खरं आहे. आपल्याकडे १९३४ मध्ये मुंबईहून डॉ. ए. पी. पिल्लई यांनी विवाह-आरोग्याला वाहिलेलं इंग्रजी नियतकालिक सुरू केलं, तेही याच जागतिक चर्चेचा भाग होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. घाईत झालेली लग्नं मोडू लागली आणि कॅथलिक चर्चने लग्नाआधीचे वर्ग भरवायला सुरुवात केली. बायबलमधल्या काना गावच्या लग्नावरून त्यांना ‘प्री-काना’ म्हणू लागले. आता विषय शरीराचा उरला नाही. पैसा, मुलं, धर्म, एकमेकांकडून काय हवं, हे बोलायचं ठरलं. गोव्यात चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांना असा वर्ग आजही करावा लागतो. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने सर्वांसाठीच लग्नाआधी समुपदेशन आणण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा चर्चचा हा नमुना डोळ्यांसमोर होताच.

पण वर्गात प्रवचन ऐकून जोडपी माना डोलावत आणि घरी जात. हे बदललं ते प्रश्नावलीने. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड ओल्सन यांनी सहकाऱ्यांसोबत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रीपेअर’ नावाची चाचणी तयार केली. तिची युक्ती साधी होती. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, तीच विधानं वाचायची आणि ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पायऱ्यांवर उत्तर द्यायचं. अपेक्षा, स्वभाव, संवाद, मतभेद मिटवणं, पैसा, फावला वेळ, शरीरसंबंध, मुलं, नातेवाईक-मित्र, घरातल्या भूमिका आणि धर्म असे तिचे विभाग. मग समुपदेशक दोघांची उत्तरं शेजारी ठेवतो. एकट्याच्या उत्तरापेक्षा दोघांच्या उत्तरांमधल्या अंतराला इथे महत्त्व आहे.

समजा, मुलगी पुण्यात नोकरीला आहे, मुलगा साताऱ्याचा आणि त्याचा फ्लॅटही पुण्यातच. ‘दोघं कमावत असतील तर घरकाम सारखं वाटून घ्यावं’ अशा धर्तीच्या विधानावर दोघांनीही पूर्ण सहमती दिली. कागदावर जमलं. अनुभवी समुपदेशक मात्र इथेच थांबतो आणि विचारतो, कामवाली आली नाही तर सुट्टी कोण टाकणार? गॅस संपत आलाय हे कोणाच्या लक्षात असणार? सणाला दोन्हीकडच्या भेटवस्तू कोण आणणार? मुलाच्या मनात ‘सारखं’ म्हणजे सांगितलेलं काम करणं असतं. मुलीच्या मनात सांगावंच लागू नये, असं. भूमिकांच्या विभागात मतभेद बहुधा असे सहमतीच्या पोटात दडलेले सापडतात.

पुढचं विधान मतभेदाचं: ‘वाद वाढू नये म्हणून मी गप्प बसतो.’ दोघंही म्हणतात, सहमत. उत्तर एकच, तरी चाचणी त्याचे गुण देत नाही. नात्याला पोषक बाजूने दोघं एकमत असतील तरच ते जमेत धरलं जातं. दोघंही गप्प बसणारे असतील तर घरात भांडण दिसणार नाही, आणि प्रश्नही सुटणार नाही.

तिसरं विधान आईवडिलांनी म्हातारपणी सोबत राहण्याचं. मुलगा सहमत, मुलगी असहमत. इथे समुपदेशक निकाल देत नाही. तो वेळ ठरवायला लावतो, प्रश्न एका वाक्यात मांडायला लावतो, मग दोघांनाही विचारतो की हा ताण वाढवण्यात तुमचा स्वतःचा वाटा काय. याआधी विषय कधी निघाला आणि कसा संपला, तेही मांडायला सांगतो. बहुतेकदा कळतं की तो साखरपुड्याच्या यादीच्या वेळी निघाला होता आणि कोणाच्या तरी मामांनी ‘नंतर बघू’ म्हणून झाकला होता. त्यानंतर उपायांची यादी: त्याच सोसायटीत दुसरा फ्लॅट, वर्षातले काही महिने, बहिणीने वाटून घेणं. एक निवडायचा, कोण काय करणार ते ठरवायचं आणि पुन्हा भेटायची तारीख घ्यायची. ओल्सन यांच्या पद्धतीत हे दहा पायऱ्यांत मांडलेलं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे सुटतच नाहीत, असं दिसलं. म्हणून समुपदेशनाचा रोख वाद मिटवण्यापेक्षा तो कसा घातला जातो याकडे वळला. बोलायची सुरुवात टोमण्याने होते का? एकाने विषय काढला की दुसरा उठून जातो का?

परिणाम किती? २००३ मधल्या एका एकत्रित अभ्यासाचा निष्कर्ष चांगलाच उत्साहवर्धक होता. २०१० मध्ये अप्रकाशित संशोधनही धरून पाहिलं, तेव्हा नात्यातल्या समाधानावर ठळक परिणाम दिसला नाही. संवादाच्या कौशल्यावर मात्र दिसला. मला दुसरा निष्कर्ष जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण आपणहून समुपदेशनाला येणारी जोडपी मुळातच थोडी जास्त विचार करणारी असतात.

महाराष्ट्रात ही चाचणी जशीच्या तशी वापरताना एक अडचण येते. ‘जोडीदार चिडल्यावर कसा वागतो’ हे विधान एकमेकांसोबत बराच काळ घालवलेल्यांसाठी लिहिलं आहे. कांदेपोह्यांनंतर तीनदा कॉफी प्यायलेल्या जोडप्याकडे उत्तरासाठी अनुभवच नसतो. ते अंदाजाने गोडगोड लिहितात. अशा अतिआदर्श उत्तरांसाठी चाचणीत वेगळी मोजपट्टी आहे आणि तिच्यावर गुण फार चढले तर बाकीचे आकडे जपूनच वाचावे लागतात. अशा वेळी जाणकार समुपदेशक चाचणी बाजूला ठेवून विचारतात: तुमच्या घरी आई-बाबा भांडतात तेव्हा काय होतं? याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

दोघांना एकदा तरी वेगवेगळं भेटायचं, हा नियमही याचसाठी. धाक, मारहाण किंवा घरच्यांची जबरदस्ती असेल तर जोडीदाराच्या शेजारी बसून कोणी ती सांगत नाही, आणि तिथे संवादाचे धडे देणं धोक्याचं ठरतं. वेळेचाही प्रश्न आहे. हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, की उत्तरं बदलतात. ‘प्रीपेअर’वरच्या अभ्यासात चाचणीनंतर लग्न रद्द करणाऱ्या जोडप्यांचे गुण पुढे घटस्फोट घेतलेल्या किंवा दुःखी संसार करणाऱ्या जोडप्यांच्या गुणांशी मिळतेजुळते निघाले होते. त्यामुळे ठरलेलं लग्न मोडणं हे समुपदेशनाचं अपयश धरू नये, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात. आपल्याकडे मात्र ते म्हणण्याआधी हॉलचा अॅडव्हान्स परत मिळेल का, हा प्रश्न येतो.