मूळ शब्दाचे योग्य रूप भरणे

वाक्यात एक जागा रिकामी ठेवलेली असते आणि बाजूला एक मूळ शब्द दिलेला असतो. तो शब्द आहे तसा त्या जागी बसत नाही. त्याला उपसर्ग किंवा प्रत्यय लावून त्याचे नाम, विशेषण, क्रियाविशेषण किंवा उलट अर्थाचे रूप करावे लागते, तेव्हा वाक्य पुरे होते. केम्ब्रिजच्या बी टू फर्स्ट, सी वन ॲडव्हान्स्ड आणि सी टू प्रोफिशियन्सी या इंग्रजी परीक्षांत हा प्रश्नाचा स्वतंत्र भाग असतो. त्यात एक छोटा उतारा, 8 रिकाम्या जागा आणि ओळीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत मूळ शब्द असतात. प्रत्येक जागेला 1 गुण असतो. उत्तर एकाच शब्दाचे असावे लागते आणि स्पेलिंग चुकले की तो गुण जातो.

आपल्याकडच्या शाळेत बहुधा सुटा शब्द देऊन ‘उपसर्ग लावा’, ‘प्रत्यय लावा’ असे विचारतात. तो सराव वेगळा आणि बराच सोपा आहे, कारण तिथे काय लावायचे ते प्रश्नच सांगतो. उताऱ्यातल्या जागेत मात्र कोणत्या जातीचा शब्द हवा हे शेजारच्या शब्दांवरून ओळखावे लागते, आणि तो होकारी हवा की नकारी हे पुष्कळदा लांबच्या वाक्यावरून कळते. या दोन ठिकाणी दोन वेगळ्या नजरा लागतात. ग्रामीण विदर्भातली मराठी माध्यमाची मुले पहिल्यात फारशी अडत नाहीत, दुसऱ्यात अडतात. म्हणून आधी त्यांच्याच भाषेतला उतारा घेऊ.

‘यंदा जून कोरडाच गेला. दुबार पेरणी करूनही कपाशी उगवली नाही, तेव्हा तालुकाभर …ची (पीक) चर्चा सुरू झाली. पटवाऱ्याने पंचनामा केला, पण त्यात दोन वावरे सुटली. हा त्याचा … (जबाबदार) होता, असे लोक म्हणाले. ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांनी तुरीचे रान …खाली (ओला) आणले आणि … (शांत) पुढच्या पावसाची वाट पाहिली.’

पहिल्या जागेपुढे ‘ची’ छापलेले आहे. विभक्तीचा प्रत्यय नामाला किंवा सर्वनामाला लागतो, आणि दिलेल्या शब्दाचे सर्वनाम होत नाही, म्हणून इथे नाम हवे. पण ‘पीक’ हे आधीच नाम आहे. घाईत मूल ‘पिका’ लिहून मोकळे होते, ‘पिकाची चर्चा’ वाचायला ठीकही वाटते. पण ‘पिका’ हे ‘पीक’ शब्दाचे सामान्यरूप आहे, त्यातून नवा शब्द तयार झालेला नाही. या प्रश्नात शब्दसाधक प्रत्यय किंवा उपसर्ग लागलाच पाहिजे, निव्वळ विभक्ती चालत नाही. आता अर्थ पाहावा. आधीच्या वाक्यांत पाऊस नाही, उगवण नाही. चर्चा आहे ती पीक न येण्याची. उत्तर ‘नापिकी’.

हा शब्द विदर्भातल्या कोणत्याही घरात शिकवावा लागत नाही, पण त्याची बांधणी उलगडून पाहण्यासारखी आहे. ‘पिकणे’ या क्रियापदापासून ‘पीक’ हे नाम झाले. त्याला ‘ना’ लागून ‘नापीक’ हे विशेषण झाले. त्याला ‘ई’ लागून ‘नापिकी’ हे पुन्हा नाम झाले. नामापासून निघून विशेषणावरून परत नामावर येणारी ही वाट आहे, आणि वाटेत अर्थ उलटला आहे. शिवाय लेखनही बदलले. ‘पीक’, ‘नापीक’ यांत पी दीर्घ आहे. ‘नापिकी’मध्ये शेवटी दीर्घ ई आली, म्हणून पि ऱ्हस्व झाला. ‘गरीब’चे ‘गरिबी’ होते तसेच हे. उत्तर कळूनही ‘नापीकी’ लिहिणारे पुष्कळ असतात. जमिनीच्या गुणाबद्दल बोलायचे असेल तर मात्र ‘नापीकपणा’ म्हणावे लागेल. नापिकी हंगामाची असते, नापीकपणा मातीचा. प्रत्यय बदलला की शब्दाची जात तीच राहूनही अर्थ सरकतो, हे इथे नीट दिसते.

दुसऱ्या जागेआधी ‘त्याचा’ आहे. म्हणजे नाम हवे आणि तेही पुल्लिंगी. मराठीत लिंगाची ही खूण फार उपयोगी पडते, इंग्रजीत ती नाही. ‘ई’ आणि ‘ता’ लागून झालेली अशी नामे स्त्रीलिंगी असतात, ‘त्व’ आणि ‘पण’ लागून झालेली नपुंसकलिंगी, ‘पणा’ लागून झालेली पुल्लिंगी. ‘त्याचे शहाणपण’ आणि ‘त्याचा शहाणपणा’ ही दोन्ही बरोबर, पण जागा एकालाच मोकळी असते. तेव्हा ‘जबाबदारी’ इथे बाद होते, ‘बेजबाबदारी’ही बाद होते. दोन वावरे सुटली आहेत, म्हणून उलट अर्थ हवा आणि उत्तर ‘बेजबाबदारपणा’. ‘त्याची’ छापले असते तर ‘बेजबाबदारी’ बसली असती.

तिसऱ्या जागी ‘ओलिता’. इतरत्र बागायत म्हणतात त्याला विदर्भात ओलीत म्हणतात, आणि ‘खाली’ जोडताना पुन्हा ली ऱ्हस्व होते. गावच्या मुलाला ही जागा सहज भरता येते, पुण्या-मुंबईचे मूल ‘ओलाव्या’ लिहील. ओलाव्याखाली रान आणता येत नाही, पण ते कळायला शब्द ऐकलेला असावा लागतो. शब्दसाधनेच्या नियमांची हीच मर्यादा आहे. नियम संभाव्य रूपे दाखवतात, त्यांतले चालते कोणते हे वापर ठरवतो. चौथ्या जागी ‘वाट पाहिली’ या क्रियेची रीत सांगायची आहे, म्हणून क्रियाविशेषण. ‘शांतपणे’ आणि ‘शांततेने’ दोन्ही बसतात, तेव्हा उत्तरसूचीत दोन्ही असायला हवीत. प्रश्न काढणाऱ्याने हे आधी तपासले नाही तर बरोबर लिहिणाऱ्या मुलाचा गुण जातो.

आता इंग्रजी. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे उताऱ्याचे शब्द मुलांच्या ओळखीचे असतात. तीन जागांचा एक तुकडा घेऊ: ‘द बस टू द टाउन इज व्हेरी … . इट ऑफन कम्स टू अवर्स लेट. पीपल हॅव मेड मेनी …, बट, …, नोबडी हॅज रिप्लाइड.’ मूळ शब्द क्रमाने रिलाय, कम्प्लेन आणि फॉर्च्यून.

पहिल्या जागेआधी ‘व्हेरी’ आहे, त्याच्याआधी ‘इज’. इथे विशेषणच येऊ शकते. रिलाय हे क्रियापद, त्याला ‘एबल’ लागून रिलायबल. इथपर्यंत बरीच मुले येतात आणि थांबतात, कारण वाक्य व्याकरणाने पुरे झालेले असते. बस दोन तास उशिरा येते हे पुढच्या वाक्यात आहे. नकाराची खूण त्या वाक्यात आहे, जागेच्या शेजारी काहीही नाही. उत्तर अनरिलायबल. मराठी मूल इथे का फसते याचे एक कारण आपल्या बोलण्याच्या सवयीत आहे. आपण नकार बहुधा वाक्याच्या शेवटी क्रियापदापाशी ठेवतो, ‘बसचा भरवसा नाही’ असे म्हणतो. विशेषणाच्या पोटात नकार घालायची गरज रोजच्या बोलण्यात कमी पडते. म्हणून पूर्ण उतारा वाचल्याशिवाय एकही जागा भरू नये. जागा भरून झाल्यावर प्रत्येक विशेषणापाशी ‘हे खरेच असे आहे का, की उलट आहे?’ असे एकदा विचारावे.

उलट अर्थाचा उपसर्ग कोणता, हा पुढचा प्रश्न. आर ने सुरू होणाऱ्या शब्दाला ‘इर’ लागतो असे शिकवलेले असते, आणि रेग्युलरचे इररेग्युलर होतेही. मग इररिलायबल का नाही? ‘इन’ हा लॅटिनमधून आलेला उपसर्ग. पुढच्या ध्वनीशी मिळवून घेताना तो कुठे ‘इम’, कुठे ‘इल’, कुठे ‘इर’ होतो. इम्पॉसिबल, इललीगल ही त्याची रूपे. ‘अन’ हा इंग्रजीचा स्वतःचा उपसर्ग आहे आणि तो बदलत नाही. रिलायबल हा शब्द इंग्रजीतच रिलाय या क्रियापदापासून बनला, त्याला ‘अन’ लागला. हा नियम सगळीकडे टिकत नाही, म्हणून शब्द जोडीनेच लक्षात ठेवलेला बरा. मराठीतही असेच आहे. संस्कृतचा ‘अ’ स्वरापुढे ‘अन्’ होतो, म्हणून ‘अशक्य’ पण ‘अनावश्यक’. फारसीतून आलेले ‘बे’, ‘ना’, ‘गैर’ मात्र तसेच राहतात. ते साधारणपणे फारसी-अरबी शब्दांना लागतात, पण ‘नापीक’मध्ये ‘ना’ अस्सल मराठी ‘पीक’ला लागला आहे.

दुसऱ्या जागेआधी ‘मेनी’ आहे, म्हणून अनेकवचनी नाम. कम्प्लेनला शेवटी टी लागून कम्प्लेंट होतो आणि मग एस. तो एस विसरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक असावी, कारण मूल जात ओळखल्याच्या आनंदात वचन पाहत नाही.

तिसरी जागा दोन स्वल्पविरामांत एकटी उभी आहे. अशा जागी साऱ्या वाक्याबद्दल बोलणारे क्रियाविशेषण येते. तक्रारींना उत्तर आले नाही, म्हणजे उलट अर्थ. फॉर्च्यून, फॉर्च्युनेट, फॉर्च्युनेटली, अनफॉर्च्युनेटली अशी तीन पावले चालावी लागतात. मराठीत ‘दैव’, ‘दुर्दैव’, ‘दुर्दैवाने’ ही दोनच पावले, कारण तृतीयेचा ‘ने’ लावून आपण नामाचे थेट क्रियाविशेषण करतो, मध्ये विशेषण लागत नाही. म्हणून मुले मधले ‘एट’ गाळून अनफॉर्च्युनली लिहितात. ज्यांना ते आठवते त्यांतली काही ‘ली’ लावताना त्याच्या आधीचा ई खोडतात, तो मात्र राहतो.

क्रियाविशेषणाच्या जागी विशेषण ठेवण्याची चूकही मराठीतूनच येते. ‘ती चांगली मुलगी आहे’ आणि ‘ती चांगली गाते’ यांत आपला शब्द एकच असतो, त्याचे रूपही एकच असते. त्यामुळे ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल’ कानाला खटकत नाही. अशा वेळी मुलाला एकच विचारावे: हा शब्द तिच्याबद्दल सांगतो की गाण्याच्या रीतीबद्दल? रीतीबद्दल असेल तर ‘ली’ हवी. मराठीत हाच फरक उघड करायचा असेल तर ‘सुंदर’चे ‘सुंदरपणे’, ‘उत्तम’चे ‘उत्तमरीत्या’ करून पाहावे. ‘रीत्या’तला री दीर्घ आहे, ‘रित्या’ लिहिले की त्याचा अर्थ ‘रिकाम्या’ असा होतो.