छोट्या कारखान्याच्या प्रस्तावातील पर्यावरणविषयक प्रकरण कसे लिहावे

नवा कारखाना उभारणाऱ्या अर्जदाराला, आणि चालू कारखान्याचे उत्पादन वाढवणाऱ्यालाही, हे प्रकरण सहसा बांधकामापूर्वीच सादर करावे लागते. सोबत स्थळनकाशा, प्रक्रियेचा तक्ता, पाणीपुरवठ्याचे संमतिपत्र आणि यंत्रांची तांत्रिक पत्रके जोडावीत. मात्र अर्ज परत येतो तो बहुधा कागद कमी पडल्यामुळे नव्हे, तर आकडे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे; म्हणून लेखनाची सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासून करावी.

उदाहरणादाखल, लोखंडी सुटे भाग धुऊन, फॉस्फेटिंग करून रंगवणारा 20 कामगारांचा कारखाना घेऊ. भाग धुण्यासाठी रोज 4,000 लिटर, फरशीसाठी 200, तापवलेल्या टाक्यांतील वाफेची भरपाई म्हणून 300 आणि माणशी 45 लिटरप्रमाणे 900, असे एकूण 5,400 लिटर पाणी आत येते. बाहेर जाताना 4,200 लिटर औद्योगिक सांडपाणी, 720 लिटर घरगुती स्वरूपाचे सांडपाणी आणि 480 लिटर बाष्पीभवन व इतर घट धरली की बेरीज पुन्हा 5,400 होते. ही बेरीज जुळलीच पाहिजे, कारण तपासणारा अधिकारी प्रथम तीच करून पाहतो.

तरीही या रोजच्या हिशेबात एक गोष्ट निसटते, आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक असते. तेलकटपणा काढणाऱ्या अल्कलीच्या टाकीतील 1,000 लिटर द्रावण दर तीन महिन्यांनी बदलले जाते. सरासरीत ते दिवसाला जेमतेम 11 लिटर दिसते, पण प्रत्यक्षात एकाच दिवशी सोडले तर सांडपाण्याचा सामू एकदम चढतो आणि शुद्धीकरण यंत्रणेचे काम बिघडते. म्हणून ते वेगळ्या टाकीत साठवून रोज 50 लिटरप्रमाणे 20 दिवसांत प्रक्रियेला घेतले जाईल, असे स्पष्ट लिहावे व ती टाकी नकाशावर दाखवावी.

याच प्रक्रियेतून जस्तयुक्त गाळ निघतो. तो कोरडा 3 किलो असेल, तर 70 टक्के ओलावा धरून प्रत्यक्षात 10 किलो उचलावा लागतो. साठवणुकीची जागा या ओल्या वजनावर ठरवावी आणि गाळ स्वीकारणाऱ्या अधिकृत संस्थेचे संमतिपत्र जोडावे.

आवाजासाठी कॉम्प्रेसरपासून 1 मीटरवरचा आकडा पुरेसा नाही; मर्यादा कुंपणापाशी लागू होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते, म्हणून 85 डेसिबल 16 मीटरवर 61 होतात. तसाच दुसरा कॉम्प्रेसर जोडीला चालला, तर 64. समोरच भिंत असेल, तर परावर्तनामुळे ही घट कमी भरते. रात्रपाळी असल्यास रात्रीची मर्यादा वेगळी तपासावी, आणि कारखाना सुरू होण्यापूर्वीचा परिसरातील आवाज दिवसा व रात्री मोजून त्याची नोंद प्रकरणातच द्यावी. पुढे तक्रार आली, तर तुलनेसाठी तोच आधार असतो.