ईस्टर : पूर्व व पश्चिम चर्चच्या तारखांतील फरक

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण ईस्टर पश्चिमेकडील चर्च (रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रॉटेस्टंट) आणि पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च बहुधा वेगवेगळ्या रविवारी साजरा करतात. ऑर्थोडॉक्स ईस्टर एक, चार किंवा पाच आठवडे उशिरा येतो, आणि काही वर्षी दोन्ही एकाच दिवशी येतात. पश्चिमेच्या आधी तो कधीच येत नाही.

नियम दोघांचाही एकच आहे. वसंत संपाताच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा रविवार. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने सर्वांनी सण एकाच दिवशी करावा असे ठरवले, आणि पुढे अलेक्झांड्रियाची गणनापद्धती सर्वत्र रूढ झाली. या पद्धतीत आकाशातला चंद्र पाहायचा नसतो. संपात कायमचा २१ मार्च धरला जातो आणि पौर्णिमा १९ वर्षांच्या चक्राच्या तक्त्यातून काढली जाते. त्यामुळे तक्ता चुकला की सणही सरकतो.

त्या काळी वापरात असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे आहे, म्हणजे सुमारे १२८ वर्षांत एक दिवसाची चूक साचते. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी ती दुरुस्त केली आणि आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका आली : ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला आणि चंद्राचा तक्ताही नव्याने बसवला गेला. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चनी ईस्टरसाठी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. आज दोन्ही दिनदर्शिकांत १३ दिवसांचे अंतर आहे, म्हणून ऑर्थोडॉक्स गणनेतला २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला येतो. शिवाय जुन्या तक्त्यातील पौर्णिमा खऱ्या पौर्णिमेपेक्षा साधारण चार दिवस मागे पडली आहे. फरकाचे मूळ केवळ या १३ दिवसांत शोधले जाते, पण चंद्राचे हे चार दिवसही तितकेच निर्णायक आहेत.

२०२४ साली दोन्ही कारणे एकत्र आली. पश्चिमेच्या तक्त्यात पौर्णिमा सोमवार, २५ मार्चला होती (आपल्याकडची होळीची पौर्णिमा हीच), म्हणून ईस्टर ३१ मार्चला झाला. ऑर्थोडॉक्स गणनेत ही पौर्णिमा ३ एप्रिलच्या आधीची असल्याने बाद ठरली आणि पुढची धरावी लागली. ती आकाशात २४ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे हनुमान जयंतीच्या वेळी होती, पण तक्त्यात २८ एप्रिलला. हा दिवस नेमका रविवार असल्याने सण आणखी आठवडाभर पुढे गेला आणि ५ मेला आला. अशी महिनाभर मागे पडणारी वर्षे सध्या १९ पैकी पाच असतात.

उरलेल्या वर्षांत दोघेही एकच पौर्णिमा धरतात, फक्त पूर्वेची साधारण चार दिवस उशिरा येते. या दोन पौर्णिमांच्या मध्ये रविवार आला नाही तर सण एकाच दिवशी पडतो. चार दिवसांचे अंतर असताना पश्चिमेची पौर्णिमा रविवार, सोमवार किंवा मंगळवारी आली की हे घडते. २०२५ मध्ये पश्चिमेची पौर्णिमा रविवार, १३ एप्रिलला होती, त्यामुळे ईस्टर २० एप्रिलवर गेला. पूर्वेची गुरुवार, १७ एप्रिलला होती, आणि तिचाही पुढचा रविवार २० एप्रिलच. २०२६ मध्ये पश्चिमेची पौर्णिमा गुरुवार, २ एप्रिलला, तर पूर्वेची सोमवार, ६ एप्रिलला पडली. मध्ये ५ एप्रिलचा रविवार आल्याने पश्चिमेचा सण त्याच दिवशी आणि पूर्वेचा १२ एप्रिलला आला. २०१० व २०११ मध्ये तारखा लागोपाठ जुळल्या, मग २०१४, २०१७ आणि २०२५ मध्ये. यापुढे २०२८, २०३१, २०३४, २०३७ आणि २०३८ मध्ये जुळतील.

ईस्टर ज्यूंच्या वल्हांडण सणानंतरच यावा म्हणून ऑर्थोडॉक्स चर्च उशीर करते, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. प्रत्यक्ष गणनेत वल्हांडणाची तारीख कुठेच येत नाही. तो सण आधी येतो हा जुन्या तक्त्याच्या मागे पडण्याचा परिणाम आहे.

'पूर्व' आणि 'पश्चिम' ही विभागणी काटेकोर नाही. फिनलंडचे ऑर्थोडॉक्स चर्च पश्चिमेची तारीख पाळते, आणि केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चही. उलट ग्रीसचे चर्च नाताळ २५ डिसेंबरलाच करते, पण ईस्टर जुन्या गणनेने. १९९७ मध्ये अलेप्पो येथे भरलेल्या बैठकीत जेरुसलेमच्या रेखावृत्तावरून खगोलशास्त्रीय गणना करून एकच तारीख ठरवावी, असा प्रस्ताव आला. तो अमलात आलेला नाही.

२१०० हे ग्रेगोरियन गणनेत लीप वर्ष नाही, ज्युलियन गणनेत आहे. त्या वर्षाच्या मार्चपासून दिनदर्शिकांतील अंतर १४ दिवसांचे होईल आणि पौर्णिमांमधले साधारण पाच दिवसांचे. मग मंगळवारी आलेली पौर्णिमा तारखा जुळवू शकणार नाही, आणि एकत्र ईस्टरची वर्षे आणखी विरळ होतील.