पेमेंटची पोहोच आणि शाळेची पावती: कार्डच्या स्टेटमेंटशी नेमकं काय जुळवायचं?

शाळेच्या पोर्टलवर कार्डाने फीचा हप्ता भरला की दोन कागद हाती येतात. एक लगेच येतो. हिरव्या खुणेखाली ‘पेमेंट यशस्वी’ असं लिहिलेलं पान उघडतं आणि मागोमाग तसाच ईमेल येतो. दुसरा कागद म्हणजे विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता आणि हप्ता क्रमांक असलेली शाळेची पावती. ती कधी त्याच क्षणी मिळते, कधी दोन दिवसांनी. बहुतेक पालक दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवतात आणि दोन्हींना पावतीच म्हणतात. घोळ सुरू होतो तो महिनाअखेरीला स्टेटमेंट उघडल्यावर, कारण पावतीवरचा आकडा त्यात कुठेच सापडत नाही.

तो बहुधा सापडणारही नाही. पहिला कागद म्हणजे पोहोच. ती पेमेंट गेटवेची, म्हणजे पोर्टलसाठी कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवेची असते. कार्डावरून किती रक्कम घेतली, एवढंच ती सांगते. दुसरा शाळेच्या हिशेबाचा. कोणत्या मुलाच्या कोणत्या हप्त्यापोटी किती रक्कम जमा धरली, हे त्यात असतं. स्टेटमेंट बँकेचं असल्यामुळे त्याला विद्यार्थी, इयत्ता, हप्ता यांपैकी काहीच ठाऊक नसतं. म्हणून ते नेहमी पोहोचेशी जुळवायचं, आणि पोहोच पावतीशी. मधली कडी गाळून पावती थेट स्टेटमेंटशी लावायला गेलं की आकडाही चुकतो आणि तारीखही.

एक उदाहरण घेऊ. दुसरा हप्ता 20,000 चा आहे. पोर्टल कार्डाने भरण्यासाठी 1.5 टक्के सुविधा शुल्क घेतं, म्हणजे 300. त्या शुल्कावर 18 टक्के कर धरला तर आणखी 54. कार्डावरून एकूण 20,354 जातात. पोहोचेवर 20,354 दिसतात, शाळेच्या पावतीवर मात्र 20,000च. यात शाळेने काही लपवलेलं नाही. वरचे 354 तिच्या फीखात्यात आलेलेच नसतात. हा कर फक्त शुल्कावर आहे, फीवर नाही, हेही एकदा आकडेमोड करून पाहावं. काही ठिकाणी हे 354 वेगळ्या व्यापारी खात्यावर घेतले जातात. मग स्टेटमेंटमध्ये 20,000 आणि 354 अशा दोन ओळी येतात, दोन्हींवर थोडी वेगळी नावं असतात आणि प्रत्येकीचा ऑथ कोड, म्हणजे बँकेने मंजुरी देताना दिलेला कोडही वेगळा असतो. अशी अनोळखी छोटी ओळ पाहून फसवणुकीची तक्रार करण्याआधी ती मोठ्या ओळीच्या शुल्काइतकी आहे का, ते तपासा.

नावाचंही तसंच. स्टेटमेंटमध्ये व्यापाऱ्याच्या नावाला वीस-पंचवीस अक्षरांचीच जागा असते, त्यात बऱ्याचदा आधी गेटवेचं नाव येतं आणि शाळेचं नाव अर्ध्यावर तुटतं. कधी शाळेऐवजी ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव असतं. त्यामुळे नावावर भिस्त ठेवू नका. रक्कम, व्यवहाराची तारीख, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मिळाला तर ऑथ कोड, एवढ्यावर जुळवा. हा कोड साधारण सहा अक्षरांचा असतो. काही पोहोचांवर तो छापलेला असतो आणि काही बँकांच्या अॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. एकाच दिवशी दोन भावंडांची सारखीच फी भरली असेल, तर दोन ओळी वेगळ्या ओळखायला हा कोडच कामी येतो. पोहोचेवरचा ऑर्डर क्रमांक शाळेशी बोलताना लागतो, स्टेटमेंटमध्ये तो बहुधा नसतो.

तारखा तीन असतात. तुम्ही 30 तारखेच्या रात्री पैसे भरले, ती व्यवहाराची तारीख. बँकेने 2 तारखेला नोंद पक्की केली, ती पोस्टिंगची. शाळेने पैसे हाती आल्यावर पावती काढली तर तिच्यावर तिसरीच तारीख. स्टेटमेंट 1 तारखेला बंद होत असेल तर हा हप्ता पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसेल. पावतीवरच्या उशिराच्या तारखेमुळे विलंब शुल्क लागलं, तर वेळेत भरल्याचा पुरावा म्हणून पोहोच पुढे करायची.

आता खरा गुंता. भरताना पान अडकलं, हिरवी खूण दिसलीच नाही आणि तुम्ही पुन्हा भरलं. पहिल्या वेळी बँकेने मंजुरी दिली, पण निकालाचा निरोप पोर्टलपर्यंत पोहोचला नाही, असं होऊ शकतं. अॅपमध्ये 20,354 च्या दोन ओळी दिसतात, पावती मात्र एकच.

इथे पहिली ओळ ‘पेंडिंग’ आहे की पोस्ट झाली आहे, ते बघा. पेंडिंग म्हणजे रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते. गेटवेने ती उचलली नाही तर काही दिवसांत ओळ आपोआप गळून पडते. तिचा परतावा येत नाही, जमेची ओळही येत नाही, म्हणून तिची वाट पाहू नका. ओळ पोस्ट झाली असेल तर पैसे खरोखर गेले आहेत आणि ते परत मागावे लागतील. परतावा स्वतंत्र जमा ओळ म्हणून येतो, त्याची तारीखही नवी असते. तो 20,000 चाच आला तर वरचे 354 परत मिळाले नाहीत, असा अर्थ. अनेक ठिकाणी सुविधा शुल्क परत न करण्याची अट असते. ती दुबार पेमेंटलाही लागू आहे का, हे शाळेला लेखी विचारणं मला रास्त वाटतं.

कधी शाळा परतावा देण्याऐवजी ती रक्कम तिसऱ्या हप्त्यात वळती करते. तेव्हा उलटा प्रकार होतो. तिसऱ्या हप्त्याची पावती येते आणि तिच्या महिन्यात स्टेटमेंटमध्ये ओळच नसते. त्या पावतीला दुसऱ्या हप्त्याच्या वेळची जादा ओळ जोडून ठेवावी लागते.

म्हणून तक्त्यात हप्त्यागणिक ओळ ठेवू नये, पैसे भरण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ द्यावी, फसलेल्यालाही. E मध्ये फी, F मध्ये शुल्क, G मध्ये कर आणि H मध्ये स्टेटमेंटवरची रक्कम. शुल्काची ओळ वेगळी आली असेल तर H मध्ये दोन्हींची बेरीज लिहा. मग I मध्ये:

```
=H2-(E2+F2+G2)
```

उत्तर शून्य यायला हवं. गळून पडलेल्या प्रयत्नापुढे ‘सुटला’ लिहून रकमा रिकाम्या सोडा. शाळेचा पावती क्रमांक शेवटच्या रकान्यात. तो रिकामा आणि H भरलेला, अशी ओळ आठवडाभर तशीच राहिली तर शाळेला विचारायची वेळ झाली. विचारताना ऑर्डर क्रमांक, गेटवेचा व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक द्या. पूर्ण कार्ड क्रमांक कुणालाही लागत नाही. ‘परतावा पाठवला’ असं उत्तर आलं आणि जमा दिसत नसेल, तर त्या परताव्याचा एआरएन, म्हणजे कार्ड व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. हा 23 अंकी क्रमांक दिला की तुमची बँक तिच्याकडे आलेली जमा शोधू शकते.